अनुभव धागा : थायरोग्लोब्युलिन शून्य, पण अँटीबॉडी आहेत

रानवाट :
पॅपिलरी कॅन्सरमुळे माझी पूर्ण थायरॉइड काढली, मग रेडिओआयोडिन घेतलं. पहिल्या तपासणीत थायरोग्लोब्युलिन, म्हणजे थायरॉइडच्या पेशी बनवतात ते प्रथिन, ०.१ पेक्षा कमी. मला हायसं वाटलं, पण डॉक्टरांनी रिपोर्टच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं : अँटी-टीजी ४८०. ही अँटीबॉडी थायरोग्लोब्युलिनला चिकटून बसते, त्यामुळे ते रक्तात असलं तरी मशीनला सापडत नाही. म्हणून आता अँटीबॉडी उतरते का, तेच पाहायचं.

सहा महिन्यांनी ५३०! माझी झोप उडाली. आयोडिनने पेशी मरताना थायरोग्लोब्युलिन बाहेर पडतं, त्यामुळे काही महिने आकडा चढू शकतो, असं कळलं. आणि तसंच झालं. वर्षाने २६०, दोन वर्षांनी ११०.

मग मी लॅब बदलली आणि आकडा आला ३९०. दोन दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. जुन्या लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं, तर ९५. चूक कोणत्याच लॅबची नव्हती. पद्धत बदलली की आकडा बदलतो, दोन्हींची तुलनाच होत नाही. तुमचं कसं झालं?

सांजवेळ :
मला सांगितलं होतं की थायरोग्लोब्युलिन शून्य म्हणजे सुटलो. माझी अँटीबॉडी कधी तपासलीच नाही. गरज असते का?

जुनी_वही :
@सांजवेळ, अँटीबॉडी नसेल तर तुमचं म्हणणं बरोबर. पण ती नाही हे तपासल्याशिवाय कसं कळणार? दोन्ही तपासण्या दर वेळी एकाच नमुन्यातून करायच्या.

माझ्या आईचं थायरोग्लोब्युलिन कायम शून्यच होतं, अँटीबॉडी मात्र दीड वर्षात ४० वरून ८५, मग १९०. सगळे रिपोर्ट एकाच लॅबचे. मानेच्या सोनोग्राफीत एक गाठ दिसली. सुईने नमुना घेतला आणि ती सुई धुतलेल्या पाण्यात थायरोग्लोब्युलिन मोजलं, ते भरपूर निघालं. रक्तात जे लपलं होतं ते गाठीत सापडलं. शस्त्रक्रियेनंतर अँटीबॉडी उतरू लागली.

ओंजळ :
माझी अँटी-टीपीओ ६०० आहे. म्हणजे कॅन्सर परत आला का? माझी शस्त्रक्रिया झालेली नाही, फक्त हाशिमोटो आहे.

जुनी_वही :
@ओंजळ, परत यायला आधी कॅन्सर झालेला असावा लागतो, आणि अँटी-टीपीओ ही वेगळी अँटीबॉडी. हाशिमोटोत ती बहुतेकांची वाढलेली असते. हा धागा थायरॉइड काढलेल्यांसाठी आहे.

पाऊलखूण :
मलाही हाशिमोटो होता, नंतर कॅन्सर निघाला. चार वर्षं अँटीबॉडी ६०च्या आसपास अडकली आहे, चढत नाही की उतरत नाही. सोनोग्राफी दर वेळी स्वच्छ. एक डॉक्टर म्हणतात, चढत नाही तोवर थांबू. दुसरे म्हणतात, स्कॅन करून घ्या. असा अडकलेला आकडा पुढे कुणाचा उतरला का?

रानवाट :
माझाही आता ९० वर थबकलाय. पुढचं रक्त सहा महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये. आला की इथे लिहीन.