मारवा, पूरिया, सोहनी : सहा स्वर, एक स्केल आणि वादी-संवादीचा वाद

पियानोपुणेकर
मी पियानो शिकतो, गाणं नुसतं ऐकतो. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांत सा, कोमल रे, ग, तीव्र म, ध, नी हेच सहा स्वर आहेत. पियानोवर माझ्यासाठी हे एकच स्केल आहे. मग राग तीन कसे? विचारलं की सगळे म्हणतात, वादी-संवादी वेगळे, म्हणजे रागाचा मुख्य स्वर आणि त्याचा जोडीदार स्वर वेगळे. माझं मत असं की राग आधीपासून गायले जात होते आणि हे लेबल पंडितांनी नंतर चिकटवलं. पटत नसेल तर खोडून काढा.

सूरश्री_ठाणे
स्केलचा आणि रागाचा काही संबंधच नाही हो! मी काळी चारमध्ये गाते, आमच्या बाई पांढरी पाचमध्ये गातात आणि पूरिया दोघींचा पूरियाच असतो. स्केल बदललं म्हणून राग बदलत नाही.

पियानोपुणेकर
ताई, तुम्ही पट्टीबद्दल बोलताय. मी स्वरांच्या संचाबद्दल विचारतोय. सा कुठलाही धरा.

मंद्रसप्तक
शिकवणं हा माझा धंदा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पियानोवर वाजवून बघा. मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातला नी, मग रे, मग ग, आणि गवर थांबा. ग लांबू द्या. मग तिथून परत नी रे सा असे खाली या, मंद्रातच नी ध नी करून तीव्र मध्यमाला शिवा आणि वर येऊन पुन्हा गवर बसा. हा पूरिया झाला. गंधार आणि निषाद ही त्याची दोन घरं, आणि त्याचा जीव मंद्र-मध्य सप्तकांत रमतो.

आता तेच नी, रे, ग घ्या, पण गवर टेकू नका. ग रे करून रेवर परत या आणि रेवर थांबा. मग ग, तीव्र म, ध असे वर जाऊन धवर थांबा आणि म ग रे करत पुन्हा रेवर उतरा. षड्ज शक्य तितका लांबवा. तो येईल असं वाटत असतानाच नीवरून सरळ रेवर जा. मारवा उभा राहिला. एकही नवीन स्वर लागला नाही. बदललं ते एवढंच की कुठला स्वर मुक्कामाचा आणि कुठला वाटेतला.

सोहनी वरच्या अंगाचा राग. तो तार षड्जाजवळ, म्हणजे वरच्या साजवळ घोटाळतो, तिथून नी ध असा धवर येतो आणि मग गवर उडी मारतो. चढताना रे बहुधा घेतच नाही.

विद्यार्थी कुठे घसरतो तेही सांगतो. मारवा गाताना दम संपतो, जवळचा सोपा स्वर म्हणून तो गवर विसावतो, मग नीवर विसावतो. स्वर सगळे बरोबर असतात, पण मागे बसलेले म्हणतात, ‘पूरिया दिसायला लागला.’ लेबल नंतरचं असेल, पण ज्याला ते लावलं ती गोष्ट कानाला आधीपासून ऐकू येत होती.

पेटीवाला
साथीला बसलं की हे लगेच कळतं. मारव्यात गवयाने श्वास घेतला आणि मी सवयीने षड्ज धरून ठेवला, तर असे डोळे वटारतात की पुढच्या आवर्तनात हात थरथरतो. पूरियात तसं कुणी रागवत नाही. मात्र वादी म्हणजे जास्त वेळा येणारा स्वर, असं पुस्तकात लिहितात ते मला पटत नाही. तानांमध्ये कुठला स्वर किती वेळा येतो हे मोजत बसलात तर काहीच हाती लागणार नाही.

कॅरोलिन_नव्हे_कमल
मी दुसऱ्या बाजूने बोलते. तुलनाच अन्यायाची आहे. स्केल म्हणजे कच्चा माल, राग म्हणजे शिजवलेलं अन्न. तुलना करायचीच तर पश्चिमेच्याही शिजवलेल्या गोष्टीशी करा. ग्रेगोरियन गायनात पहिला आणि दुसरा मोड दोन्ही ‘डी’वर संपतात, स्वरसंचही तोच. पण स्तोत्रं म्हणताना आवाज ज्या स्वरावर धरून ठेवतात, तो पहिल्यात ‘ए’ आहे आणि दुसऱ्यात ‘एफ’. शिवाय दुसऱ्याचा वावर खालच्या अंगाला. हे तुमच्या मारवा-पूरियाइतकंच आहे की! ‘पश्चिमेकडे फक्त स्केल, आपल्याकडे राग’ हा अभिमान मला खोटा वाटतो.

बदलापूरकर
सरळ गोष्ट आहे, वादी म्हणजे पाश्चात्त्यांचा डॉमिनंट.

मंद्रसप्तक
बदलापूरकर, तसं नाही. डॉमिनंट नेहमी पाचवाच असतो आणि त्याचं काम कॉर्डला घरी ओढून आणणं. वादी रागागणिक बदलतो. मारव्यात तर पंचमच वर्ज्य आहे, डॉमिनंट आणायचा कुठून? कमलताईंचं उदाहरण मात्र मला आवडलं. फक्त तिथे धरून ठेवलेला स्वर मुख्यतः शब्द म्हणण्यासाठी असतो. आपल्याकडे पुढची तासभराची सगळी बढत त्या मुक्कामांभोवती रचायची असते.

पियानोपुणेकर
ठीक आहे, मुक्काम मान्य. आता संवादीकडे या. संवादी वादीपासून चौथा किंवा पाचवा असावा, म्हणजे दोघांचा सूर जुळावा, असं म्हणतात ना? मी अर्धस्वर मोजले. पूरियात ग ते नी 7, अचूक पंचमभाव. सोहनीत ध ते वरचा ग, पुन्हा 7. आणि मारव्यात कोमल रे ते शुद्ध ध? 8! कसला संवाद हा? नियम बसत नाही म्हटल्यावर लेबल चिकटवलेलंच ना?

मंद्रसप्तक
हा मुद्दा खरा आहे. भातखंड्यांच्या पद्धतीत मारव्याचे वादी-संवादी रे-ध दिलेत आणि त्यांच्यात षड्ज-पंचम भाव नाही. काहीजण धैवतालाच वादी मानतात, त्यानेही तो भाव जुळत नाही. पण हे जुळत नाही म्हणूनच मारवा तसा वाटतो, असं मी म्हणेन. पंचम नाही म्हणून तानपुऱ्याची पहिली तार निषादात लावली, तर पूरियाच्या गंधाराला तिचा आधार मिळतो. कोमल रेला तसा आधार मिळत नाही. तो षड्जाला खेटून उभा, आणि त्याच्यावरच मुक्काम करायचा. संध्याकाळची जी अस्वस्थता म्हणतात ती तिथून येते. म्हणून कुणी मारव्याला तानपुऱ्याची ती तार धैवतात लावून घेतात.

पेटीवाला
आणि वेळेचं गणित? वादी पूर्वांगात म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात असेल तर राग दुपारी 12 ते रात्री 12 मधला, उत्तरांगात म्हणजे वरच्या अर्ध्यात असेल तर रात्री 12 नंतरचा. मारवा-पूरिया संध्याकाळी आणि सोहनी रात्रीच्या शेवटच्या प्रहरी, इथे बरोबर बसतं. पण कमलताई म्हणतील की नियम आधी की राग आधी!

कॅरोलिन_नव्हे_कमल
म्हणतेच आहे. धैवत वादी मानणाऱ्यांनी मग मारवा मध्यरात्रीनंतर गायचा का?

मंद्रसप्तक
गात नाहीत. संध्याकाळीच गातात. वेळेच्या नियमावर मी माझं गाणं टांगत नाही.

पियानोपुणेकर
मग शेवटचं. काल सोहनीची दोन रेकॉर्डिंग घड्याळ लावून ऐकली. सगळ्यात जास्त मुक्काम तार षड्जावर, धवर त्याच्या निम्माही नाही. तुमच्याच कसोटीने वादी सा असायला हवा.

मंद्रसप्तक
षड्ज सगळ्याच रागांचा असतो, त्याला या मोजणीतून वगळायचं. ध कशासाठी? तार षड्जावरून जो उतरतो तो ध गाठतो आणि तिथून फेकला जातो गवर. सोहनी ओळखू येते ती त्या झेपेवरून.

सूरश्री_ठाणे
पण मालकंसात म वादी आणि सा संवादी असं आम्हाला पाठ करायला लावलंय. तिथे षड्ज कसा काय मोजला?