‘आनुवंशिकता’तला ‘वंश’: भाषांतरात अडलेलं एक वाक्य

रामबागकर (इंदूर)
आमच्या वाचनमंडळासाठी बुद्ध्यांकावरच्या एका इंग्रजी लेखाचं मराठी करते आहे. ‘हेरिटेबिलिटी’ला सवयीने ‘आनुवंशिकता’ लिहिलं आणि वाक्य असं झालं: ‘बुद्ध्यांकाची आनुवंशिकता सुमारे ५० टक्के आहे, तरीही वंशावंशांतला गुणांचा फरक आनुवंशिक ठरत नाही.’ आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, “अगं, अर्धं तर तूच कबूल केलंस!” इथे कोणता शब्द घ्यावा?

लष्करवाला (ग्वाल्हेर)
आईंचं बरोबर आहे. अमेरिकेत गोऱ्या आणि काळ्या गटांच्या सरासरीत पूर्वी साधारण १५ गुणांचा फरक सांगत. आनुवंशिकता निम्मी, म्हणजे सात-साडेसात गुण जन्माने आले. शब्द बदलल्याने हिशेब कसा बदलेल?

स्नेहलतागंज
या चाचण्यांवर माझा विश्वास नाही. नातवाची शाळेत इंग्रजीतून चाचणी घेतली, तेव्हा ८८ आले. घरी आम्ही मराठी, गल्लीत हिंदी. वर्षभराने दुसरीकडे हिंदीतून घेतली, तर १०४! मधलं वर्ष सूनबाईंनी रडत काढलं.

मालवी माती (इंदूर)
स्नेहलतागंज, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो एका मुलाच्या दोन चाचण्यांचा. इथला प्रश्न गटांच्या सरासरीचा आहे.

लष्करवाला, घसरण त्या ५० टक्क्यांच्या अर्थात आहे. मी गव्हाच्या वाणांवर काम करण्यात आयुष्य घालवलं. हा आकडा आमच्या रोजच्या वापरातला. बुद्धीचा किती भाग जन्मजात, हे तो सांगत नाही. एका गटात, एका परिस्थितीत जे फरक दिसतात, त्यांतला किती वाटा जनुकांतल्या फरकांचा, एवढंच तो सांगतो.

जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० मध्ये बियाण्याचा दाखला दिला होता. मी तो आपल्या गव्हावर सांगतो. मिसळ देशी गव्हाचं एकच पोतं घ्या. एक मूठ शेणखत घातलेल्या काळ्या मातीच्या कुंडीत पेरा, दुसरी नुसत्या रेतीत. प्रत्येक कुंडीत सगळ्या रोपांना पाणी-ऊन अगदी सारखं. समजा, पहिल्या कुंडीतली रोपं ८० ते १०० सेंटिमीटर वाढली, दुसरीतली ५० ते ७०. कुंडीच्या आत माती एकच, म्हणून तिथला उंचसखलपणा पूर्ण बियाण्याचा: १०० टक्के. पण दोन कुंड्यांच्या सरासरीतले ३० सेंटिमीटर? ते सगळे मातीचे, कारण पोतं एकच. तुमच्या रीतीने हिशेब केला, तर तेही बियाण्याच्या खात्यात जातील.

लष्करवाला
कुंडीचं पटलं. पण पोती दोन असली तर?

मालवी माती
तर तो आकडा त्याबद्दल काहीच बोलत नाही, ना होकार ना नकार. वेगळा पुरावा शोधावा लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत परदेशी सैनिकांना जर्मन स्त्रियांपासून मुलं झाली, काहींचे वडील काळे, काहींचे गोरे. मानसशास्त्रज्ञ क्लाउस आयफर्थ यांनी या मुलांचे बुद्ध्यांक तपासले. सरासरी निघाली ९६.५ आणि ९७ च्या आसपास. रक्तातून सात गुण येत असते, तर वडिलांकडून निम्मे तरी दिसायला हवे होते. मात्र वडिलांची चाचणी झाली नव्हती आणि सैन्यात निवड होऊनच माणसं जात. म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये.

शिवाय विसाव्या शतकात कितीतरी देशांत गुण दर दशकाला तीनेक अंकांनी चढत गेले. ३०-४० वर्षांत जनुकं एवढी पालटत नाहीत. म्हणजे नुसत्या परिस्थितीने सरासरी १० अंकांनीही हलते.

बडोदेकर
मला सगळ्यात खुपतो तो ‘वंश’. आपल्याकडे वंश म्हणजे घराण्याची वेल: ‘वंशाचा दिवा’, ‘निर्वंश’. तोच शब्द आपण ‘रेस’साठी घेतला आणि त्यातूनच ‘आनुवंशिक’ आलेला. मग ‘वंशीय फरक आनुवंशिक नाही’ हे मराठी कानाला ‘तेल तेलकट नाही’ असं ऐकू येतं. शिवाय माणसांतल्या जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के कुठल्याही एका लोकसमूहाच्या आतच सापडते, हेही लेवॉन्टिन यांनीच १९७२ मध्ये मांडलं. वेगवेगळी बंद पोती असं चित्रच त्याने विरतं. ‘वारसाक्षमता’ चालेल का?

लष्करवाला
‘वारसा’त पुन्हा बापाकडून मुलाकडे आलंच. मी सात गुणांचा हिशेब मागे घेतो. पण फरक शून्य आहे, हेही सिद्ध झालेलं दिसत नाही.

मालवी माती
‘शून्य’ मी म्हटलेलंच नाही. जन्मजात फरकाचा दावा ज्या आकड्यावर उभा करतात, तो आकडा ते वजन पेलत नाही. पुरावा दावा करणाऱ्याने आणायचा.

रामबागकर
‘वारसाक्षमता’ मलाही जड वाटतो. सध्या वाक्य असं केलंय: ‘एकाच गटातल्या माणसांच्या बुद्ध्यांकांत जे फरक दिसतात, त्यांत जनुकीय फरकांचा वाटा सुमारे निम्मा असतो, दोन गटांच्या सरासरीतला फरक कशाने पडला, ते यावरून कळत नाही.’ लांबलं आहे खरं. आईने दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, “मग दुसऱ्या कुंडीत रेती कोणी भरली, ते पुढे लिहिलंय ना?” लेखात त्यावर दीड पान आहे. ते आज रात्री करायला घेते.