काउंटर निम्मा करणारा लूप आणि O(n): चूक तालिकेची की प्रश्नाची?

फोंड्याची_तिसरी_सेम

अंतर्गत चाचणीत खालचा तुकडा देऊन टाइम कॉम्प्लेक्सिटी विचारली होती. पर्याय होते (अ) O(n), (ब) O(log n), (क) O(n log n), (ड) O(n²). मी ब लिहिलं, तालिकेत अ दिलंय. चतुर्थीची सुट्टी लागायच्या आत लेखी हरकत द्यायची आहे. तालिका चुकलीय ना? आणि हरकतीत नेमकं काय लिहू?

```
int count = 0;
for (int i = n; i > 0; i = i / 2)
    count++;
```

म्हार्दोळ

ब बरोबर आहे. हरकतीत व्याख्या उतरवत बसू नकोस, फेऱ्या मोजून दाखव. n ला १००० दे आणि प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला i किती असतो ते ओळीने लिही: १०००, ५००, २५०, १२५, ६२, ३१, १५, ७, ३, १. int चा भागाकार अपूर्णांक टाकून देतो, म्हणून १२५ नंतर ६२ येतात. शेवटी १ भागिले २ म्हणजे शून्य, अट मोडली, लूप थांबला. झाल्या १० फेऱ्या.

आता n ला २००० दे. सुरुवातीला २००० ही एक किंमत वाढली, पुढची रांग जशीच्या तशी. फेऱ्या ११. दहा लाख दिलेस तर २०. लूप रेषीय असता तर n दुप्पट केल्यावर फेऱ्याही दुप्पट व्हायला हव्या होत्या. इथे एकच वाढते. ही दोन उदाहरणं शेजारी-शेजारी मांडलीस तर तपासणाऱ्याला वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

वास्को_बंदर

तालिका चुकली असं सरळ म्हणता येणार नाही. O ही वरची मर्यादा असते. log n कधी n च्या वर जात नाही, तेव्हा हा लूप O(n) आहे हे विधान गणिताच्या दृष्टीने खरंच आहे. तालिकेत Θ(n) असतं तर मीही चूक म्हटलं असतं. हरकत देताना हा मुद्दा समोरून येणार हे धरून चालावं.

म्हार्दोळ

विधान खरं आहे, पण त्याने तालिका वाचत नाही. वरची मर्यादा एवढंच पाहायचं तर O(n log n) खरं आणि O(n²) सुद्धा खरं. चारही पर्याय खरे ठरल्यावर त्यातला अ कशाच्या जोरावर निवडला? एकच पर्याय निवडायचा असेल तर सर्वांत जवळची मर्यादा घ्यायची हाच निकष उरतो, आणि तो लावला की ब सोडून दुसरं काही हाती येत नाही.

वास्को_बंदर

मग "सर्वांत जवळची" हे शब्द प्रश्नात छापायला हवे होते. नाही छापले, तर ब ला गुण द्या, पण अ लिहिलेल्यांचे काढून घेऊ नका. त्यांनी खोटं काहीच लिहिलेलं नाही.

पेडण्याचा_पायथन

मला तर हे रेषीयच वाटतं. मी चालवून पाहिलं. १०२४ ला १०८५ फेऱ्या आल्या, म्हणजे जवळजवळ n एवढ्याच की!

```
i = 1024
count = 0
while i > 0:
    i = i / 2
    count += 1
print(count)
```

म्हार्दोळ

हा आकडा बरोबर आहे, पण तो वेगळ्याच लूपचा आहे. पायथन ३ मध्ये `/` अपूर्णांक जपतो. १०२४ पासून १ पर्यंत यायला १० फेऱ्या पुरतात, पण पुढे ०.५, ०.२५, ०.१२५ असं चालूच राहतं, कारण यातली प्रत्येक संख्या शून्याहून मोठीच आहे. फ्लोटमध्ये मावणारी सर्वांत लहान धन संख्या 2⁻¹⁰⁷⁴ आहे. १ पासून तिथवर १०७४ फेऱ्या, आणि आणखी एकदा निम्मं केलं की शून्य. १० + १०७४ + १ = १०८५. तू नेमका १०२४ घेतलास म्हणून दोन आकडे योगायोगाने जवळ आले.

तोच प्रोग्राम २०४८ देऊन चालव, १०८६ येतील. १ दिलास तरी १०७५ येतील. या फेऱ्यांचा फार मोठा हिस्सा n शी संबंधित नाही, आणि जो आहे तो लॉगनेच वाढतो. `/` च्या जागी `//` लिही, १०२४ ला ११ फेऱ्या मिळतील. एकाच n वर मोजून वाढीबद्दल काहीच कळत नाही, n दुप्पट करून पुन्हा मोजायला हवं.

पेडण्याचा_पायथन

`//` करून बघितलं सर, ११ आले. २०४८ ला १२.

डिचोली_लॅब

तालिकेत O(n) आलं कुठून, याचा मला एक अंदाज आहे. याच लूपच्या पोटात दुसरा लूप असलेला प्रश्न नेहमी विचारला जातो:

```
for (int i = n; i > 0; i = i / 2)
    for (int j = 0; j < i; j++)
        count++;
```

इथे उत्तर खरोखरच O(n) आहे. n १००० असेल तर आतला लूप आधी १००० वेळा, मग ५००, २५०, १२५ असा चालतो, आणि १ पर्यंतची बेरीज १९९४ भरते. n कितीही मोठा घेतला तरी ही बेरीज 2n च्या खालीच राहते, कारण पहिल्या फेरीनंतरचं सगळं काम मिळूनही पहिल्या फेरीएवढं होत नाही. बरीच मुलं "बाहेर log n, आत n" असा गुणाकार करून O(n log n) लिहितात. क पर्याय त्यांच्यासाठीच ठेवलेला दिसतो. प्रश्न छापताना आतली ओळ गळली आणि तालिका जुनीच राहिली असावी.

फोंड्याची_तिसरी_सेम

मलाही आधी तेच वाटलं होतं. पण आज तालिकेबरोबरचं स्पष्टीकरण मिळालं. त्यात लिहिलंय: "एकच लूप आहे, तो n वर अवलंबून आहे, म्हणून O(n)."

डिचोली_लॅब

मग ओळ गळलेली नाही. विचारच तिथे अडकलाय.

म्हार्दोळ

तर हरकतीचा रोख या वाक्यावरच ठेव. फेऱ्या n वर अवलंबून आहेत हे खरं, पण किती वेगाने वाढतात हे लूपच्या तिसऱ्या भागावर ठरतं आणि स्पष्टीकरणात त्याचा उल्लेखच नाही. दोन लूप एकाखाली एक लिही, फक्त तो भाग बदलून. `i = i - 2` असेल तर १००० ला ५०० फेऱ्या आणि २००० ला १०००. हा रेषीय. `i = i / 2` असेल तर १० आणि ११. दोन्हीकडे लूप एकच आहे आणि दोन्ही n वर अवलंबून आहेत. तालिकेचं कारण मान्य केलं तर या दोघांचं उत्तर सारखं यायला हवं, पण ५०० फेऱ्या आणि १० फेऱ्या कुणाला सारख्या म्हणता येणार नाहीत.

वास्को_बंदर

हे स्पष्टीकरण मात्र सरळ चूक आहे, ते मान्य. वरच्या मर्यादेचा विचार तालिका करणाऱ्याने केलेलाच नाही. तरीही अ वाल्यांच्या गुणांबद्दल माझं मत तेच आहे. प्रश्न जसा छापला, तसा तो त्यांना चूक ठरवू शकत नाही.

म्हार्दोळ

तिथे आपलं जुळणार नाही. ज्यांनी "एक लूप म्हणजे n" म्हणून अ लिहिलं, त्यांना गुण दिले तर पुढच्या पेपरात बायनरी सर्चलाही ते O(n) लिहितील.

फोंड्याची_तिसरी_सेम

१०/११ आणि ५००/१००० चा तक्ता करून अर्ज लिहिला, उद्या सकाळी देते. अ वाल्यांच्या गुणांबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही.