जहागीरदार मोठा की इनामदार?

पानसुपारी: इनामदार आणि जहागीरदार, दोन्ही म्हणजे जमिनीचे मालकच ना? मग दोन शब्द कशाला? आणि दोघांत वरचा कोण?

खडूफळा: जहागीरदार वरचा. शब्द जहांगीर बादशहावरून आला. इनाम म्हणजे बक्षीस, त्यात नोकरीची अट नाही; जहागीर मात्र नोकरीबद्दल, फौज बाळगण्यासाठी.

मोडीवाला: इनाम-जहागिरीचा फरक ठीक, जहांगीर बादशहाचं नाही. मूळ फारसी शब्द जागीर: जा म्हणजे जागा, गीर म्हणजे धरणारा. अकबराच्या वेळीही तो चालू होता, तेव्हा जहांगीरला श्रेय नको. त्यावर फारसीतच पुन्हा 'दार' लावला, म्हणजे धरणारा दोनदा आला! इनाम अरबी, 'दार' फारसी.

आणि मालक कोणीच नव्हता. जमीन वंशपरंपरेने कसणारा मिरासदार किंवा बाहेरून आलेलं उपरी कुळ वेगळं. इनामदार-जहागीरदारांकडे होता तो वसुलाचा हक्क. इनामाच्या सनदेत बहुधा 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने' असतं. जहागीर तत्त्वतः धन्याच्या मर्जीवर. जहागीरदार मेला की मुलाला नजराणा भरून ती नव्याने करून घ्यावी लागे. लहान पण पक्कं इनाम की मोठी पण कच्ची जहागीर, यात वरचा कोण ते तुम्हीच ठरवा.

पानसुपारी: म्हणजे एका गावात दोघेही असू शकतात?

मोडीवाला: दोघेच कशाला! 1719 च्या सनदांनी दख्खनच्या सुभ्यांत मराठ्यांना चौथाई मिळाली, त्यानंतरचं एक गाव धरा. वसूल 100 रुपये मानू.

चौथाई 25 रुपये. तिचा चौथा हिस्सा, सव्वासहा रुपये, बाबती म्हणून छत्रपतींचा. चौथाईचे सहा टक्के, म्हणजे दीड रुपया, साहोत्रा. तो पंत सचिवांकडे. तीन टक्के, म्हणजे बारा आणे, नाडगौडा. तो छत्रपती मर्जीप्रमाणे देत. उरले साडेसोळा रुपये, तो मोकासा. तो सरदारांत वाटला जाई आणि त्यावर त्यांनी फौज ठेवायची. मोकाशी हे आडनाव इथलं.

आता राहिलेले 75 रुपये. मराठी हिशेबात त्या पाऊणभागालाच 'जहागीर' म्हणत. सरदेशमुखीचे दहा टक्के याहून निराळे, ते मी मोजलेलेच नाहीत. म्हणून कागदात नुसतं 'जहागीर' दिसलं की सगळं गाव समजू नका. सगळं गाव द्यायचं असेल तर 'दरोबस्त' लिहीत.

खडूफळा: मग इनामदार या हिशेबात कुठे बसला?

मोडीवाला: बाहेर. गाव देताना सनदेत 'खेरीज हक्कदार व इनामदार' असा शेरा असतो. म्हणजे गाव तुम्हाला दिलं, पण आधीच्या इनामदाराच्या शेताला हात लावायचा नाही. तरी इनाम अगदी फुकट पडे असं नाही. इनाम तिजाई नावाची, तिसऱ्या हिश्शाची पट्टी कधी कधी बसे.

नांगरफाळ: आमचं आडनाव इनामदार. सातबाऱ्यावर 'देवस्थान इनाम वर्ग ३' लिहिलंय. म्हणजे जमीन आमच्या नावची, विकता येईल ना?

शेतसारा: आडनावावरून काही ठरत नाही. वर्ग १ सरंजाम, वर्ग २ जात म्हणजे व्यक्तिगत इनाम, वर्ग ३ देवस्थान. मुंबई इलाख्यातली जात इनामं 1952 च्या कायद्याने गेली; देवस्थानची त्यात धरलेली नाहीत. तिथे धारक देव, तुम्ही वहिवाटदार, तेव्हा परवानगीशिवाय विक्री करू नका. तलाठ्याकडे गाव नमुना ३, दुमाला जमिनींची नोंदवही, बघा आणि जुने फेरफार मागवा. मराठवाड्यातले असाल तर गोष्ट निराळी: तिथे जहागिरी 1949 साली हैदराबाद राज्याच्या हुकुमाने गेल्या आणि इनामांचा कायदा 1954 चा.

नांगरफाळ: नमुना ३ कधी ऐकलाच नव्हता. बघतो.

पानसुपारी: इनामदार मुसलमान, ब्राह्मण, मराठा, लिंगायत सगळ्यांत दिसतात, ते यामुळेच?

मोडीवाला: हो, हक्काचं नाव आहे, जातीचं नाही.

खडूफळा: एक शंका. शहाजीराजांकडे पुणे, सुपे परगणे 'मोकासा' होते. तो काही चौथाईचा वाटा नव्हे, निजामशाहीतला शब्द.

मोडीवाला: बरोबर पकडलंत. निजामशाही आणि आदिलशाहीत मोकासा म्हणजे चाकरीबद्दल नेमून दिलेला मुलूखच, जवळजवळ जहागीर. चौथाईतला साडेसोळा रुपयांचा अर्थ पुढचा. म्हणून एखादं मोकाशी घराणं कुठल्या काळातलं, ते आडनाव सांगत नाही, सनदेची तारीखच सांगते.

खडूफळा: आणि जहागीरमधला 'ह'? तो तरी जहांगीरचाच ना?

मोडीवाला: नावाची सावली पडली असेल, एवढं म्हणू द्या. पुरावा असेल तर टाका.