ॲसिटिलीन दिसलं म्हणजे आर्किंगच असं नाही

> "रिपोर्टमध्ये ॲसिटिलीन 6 पीपीएम आलंय. आत आर्किंग चालू आहे का? ट्रान्सफॉर्मर बंद करू का?"

एकट्या 6 वर जाऊ नका, तेलात विरघळलेल्या वायूंच्या तुमच्याच रिपोर्टमधले बाकीचे आकडे बघा: हायड्रोजन 180, मिथेन 240, इथेन 90, इथिलीन 410. ॲसिटिलीन भागिले इथिलीन जेमतेम 0.015 येतं. आर्किंग असतं तर हे गुणोत्तर साधारण 0.6 च्या वर गेलं असतं. पार्शल डिस्चार्जमध्ये हायड्रोजनच भरमसाट असतो आणि मिथेन त्याच्या एक दशांशाहूनही कमी. तुमच्याकडे मिथेनच जास्त आहे.

इथिलीन इथेनच्या साडेचारपट आहे, म्हणजे तेल कुठेतरी 700 अंशांच्या वर तापतंय. इतक्या तापमानाला थोडं ॲसिटिलीन होतंच. कार्बन मोनॉक्साइड मागच्या नमुन्याइतकाच असेल तर कागद बहुधा जळत नाहीये. संशय टॅप चेंजरच्या कॉन्टॅक्टवर किंवा ढिल्या जोडावर.

लोड कमी करून आठवड्याभरात दुसरा नमुना काढा. इथिलीन चढतंच राहिलं, तर शटडाउन घेऊन प्रत्येक टॅपवर वाइंडिंग रेझिस्टन्स मोजा. ॲसिटिलीनच झपाट्याने वाढलं, तर मात्र आठवडा थांबू नका. आणि हो, ओएलटीसीचं, म्हणजे लोड चालू असताना टॅप बदलणाऱ्या टॅप चेंजरचं, तेल मुख्य टाकीत झिरपून हे ॲसिटिलीन आलं नाही ना, तेही बघून घ्या.