शब्दचर्चा : पनेट चौकटीच्या कडेला ‘युग्मक’ लिहावेत की ‘युग्मविकल्पी’?

शिकवणी घेणारी शिक्षिका, धनकवडी

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी मी आनुवंशिकतेची टिपणे लिहीत आहे. पनेट चौकट कशी भरावी हे सांगताना मी त्यात असे वाक्य लिहिले होते : ‘दोन्ही जनकांचे युग्मविकल्पी चौकटीच्या वरच्या आणि डाव्या कडेला मांडावेत.’ उंच आणि बुटक्या वाटाण्याचे उदाहरण या वाक्याच्या आधारे सर्वांनी बरोबर सोडवले. Tt × Tt असा संकर होता. मुलांनी कडेला T आणि t लिहिले, आत TT, Tt, Tt आणि tt आले, आणि तीन उंच झाडांमागे एक बुटके असे उत्तर निघाले.

पुढच्या आठवड्यात मी दोन लक्षणांचे उदाहरण दिले. गोल बी (R) सुरकुतलेल्या बीवर (r) प्रभावी आणि पिवळा रंग (Y) हिरव्या रंगावर (y) प्रभावी, संकर RrYy × RrYy. निम्म्याहून अधिक मुलांनी दोन्ही कडांना R, r, Y, y अशी चार सुटी अक्षरे मांडली. चौकट सोळा घरांचीच झाली, परंतु आतल्या घरांत RR, RY, rY, Yy असे काहीतरी आले आणि त्यावरून बीचा आकार आणि रंग दोन्ही सांगता येईनात. मुलांनी माझ्या वाक्याप्रमाणेच केले होते, म्हणून चूक माझ्या शब्दात असावी असे मला वाटते. येथे कोणता शब्द योग्य ठरेल?

भाषांतरकार, सदाशिव पेठ

बाई, आपला शब्द मला चुकीचा वाटत नाही. ‘युग्म’ म्हणजे जोडी. ग्रीक भाषेत ‘झायगॉन’ म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू, आणि आपले ‘जू’, संस्कृत ‘युग’ व ‘युग्म’ हे सगळे त्याच कुळातले शब्द आहेत. ‘समयुग्मजी’ आणि ‘विषमयुग्मजी’ या संज्ञा बनवणाऱ्यांनी हे नाते फार चांगले राखले आहे. त्यामुळे ‘युग्मक’ म्हणजे जोडी झालेली पेशी, आणि ‘युग्मविकल्पी’ म्हणजे त्या जोडीतला एक पर्याय. कडेला जोडी लिहायची नसते, एकेक पर्यायच लिहायचा असतो. म्हणून ‘युग्मविकल्पी’ हाच शब्द ठेवावा आणि उदाहरण अधिक समजावून सांगावे.

वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, एरंडवणे

व्युत्पत्ती आपण उत्तम सांगितली आहे, परंतु ‘युग्मक’ या शब्दाचा अर्थ त्याच्या उलट आहे. युग्मक म्हणजे जोडी होण्यासाठी निघालेली, स्वतः मात्र एकेरी असलेली पेशी : वाटाण्याच्या परागातील नर पेशी किंवा बीजांडातील अंडपेशी. दोन युग्मक एकत्र आल्यावर जी पेशी तयार होते तिला आपण युग्मनज म्हणतो आणि जोडी तिच्यात असते. ‘युग्म’ हा एकच शब्द जोडीच्या आधीच्या पेशीला, जोडीनंतरच्या पेशीला आणि जोडीतल्या घटकाला अशा तिन्ही ठिकाणी चिकटल्यामुळे आपल्याकडचे विद्यार्थी येथे हमखास अडखळतात, असे मी शिकवण्याच्या सर्व वर्षांत पाहिले आहे.

बाईंच्या मूळ प्रश्नाचे उत्तर याच फरकात आहे. चौकटीच्या कडेला नेहमी युग्मक मांडायचे असतात. एकाच लक्षणाचे उदाहरण असेल तेव्हा प्रत्येक युग्मकात त्या लक्षणाचा एकच युग्मविकल्पी जातो, त्यामुळे ‘T असलेला युग्मक’ आणि ‘T हा युग्मविकल्पी’ कागदावर सारखेच दिसतात आणि चुकीचे वाक्य बरोबर उत्तर देऊन जाते. दोन लक्षणे आली की हे साम्य संपते. RrYy या झाडाच्या प्रत्येक युग्मकात आकाराचा एक आणि रंगाचा एक असे दोन युग्मविकल्पी असतातच. केवळ R घेऊन निघालेला, रंगाचे काहीच नसलेला युग्मक ते झाड तयार करत नाही. म्हणून शक्य युग्मक चार : RY, Ry, rY, ry.

```
       RY     Ry     rY     ry
RY    RRYY   RRYy   RrYY   RrYy
Ry    RRYy   RRyy   RrYy   Rryy
rY    RrYY   RrYy   rrYY   rrYy
ry    RrYy   Rryy   rrYy   rryy
```

चूक झाली आहे की नाही हे विद्यार्थ्याला स्वतःला ओळखता येते. जनकाच्या सूत्रात चार अक्षरे असतील तर कडेच्या प्रत्येक खुणेत दोन असली पाहिजेत, आणि त्या दोनांत आकाराचे एक व रंगाचे एक असले पाहिजे. आतल्या प्रत्येक घरात मात्र पुन्हा चार अक्षरे आली पाहिजेत, कारण संततीही जनकाइतकीच पूर्ण असते. आपल्या मुलांच्या घरांत दोनच अक्षरे होती, तेथेच त्यांनी थांबायला हवे होते.

शिकवणी घेणारी शिक्षिका, धनकवडी

सर, मनापासून आभार. एका लक्षणाच्या उदाहरणाने माझी चूक झाकली जात होती, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. आपल्या चौकटीवरून मुलांनी मोजणी केली तेव्हा आणखी एक अडचण आली. प्रश्न होता, ‘लक्षणरूपे किती?’ एका मुलीने नऊ लिहिले आणि ती म्हणाली की उत्तर ९ : ३ : ३ : १ आहे, म्हणजे नऊ बरोबरच असणार.

वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, एरंडवणे

येथे दोन वेगळे नऊ योगायोगाने एकत्र आले आहेत, आणि त्या मुलीने बहुधा ते दोन्ही पाहिले असावेत. चौकटीत वेगवेगळी जनुकरूपे मोजली तर RRYY, RRYy, RrYY, RrYy, RRyy, Rryy, rrYY, rrYy, rryy अशी नऊ भरतात. लक्षणरूपे मात्र चारच : गोल पिवळे, गोल हिरवे, सुरकुतलेले पिवळे, सुरकुतलेले हिरवे. गुणोत्तरातला ९ हा सोळांपैकी गोल पिवळ्या घरांचा आकडा आहे. त्या नऊ घरांत RRYY एकदा, RRYy दोनदा, RrYY दोनदा आणि RrYy चारदा येते. ‘किती प्रकार’ आणि ‘प्रत्येक प्रकार किती वेळा’ हे दोन प्रश्न टिपणात वेगवेगळ्या वाक्यांत विचारावेत, असे मी सुचवीन.

‘जनुकरूप’ आणि ‘लक्षणरूप’ हे शब्द मी सवयीने वापरतो. काही पुस्तकांत ‘जनुकविधा’ आणि ‘सरूपविधा’ असे शब्द येतात आणि तेही चूक नाहीत.

संगणक अभियंता, हडपसर

माझा प्रश्न थोडा घरगुती आहे, पण विषय हाच आहे. माझा रक्तगट A, पत्नीचा B आणि आमच्या मुलाचा O. घरातल्या मोठ्या माणसांनी रुग्णालयाच्या अहवालावरच शंका घेतली होती. वरची पद्धत वापरून मी कडेला IA, i आणि IB, i लिहिले, तेव्हा आत AB, A, B आणि O अशी चार घरे आली आणि समाधान झाले. आता दुसरे अपत्य होणार आहे. O हे घर भरून झाले असल्यामुळे त्याचा गट AB, A किंवा B यांपैकी एक असणार, असे समजावे का? आणि एका रक्तगटात IA, IB, i असे तीन पर्याय असताना ‘युग्म’ हा शब्द चालतो तरी कसा?

शिकवणी घेणारी शिक्षिका, धनकवडी

दादा, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण माझ्या वर्गातही हेच विचारले जाते. चौकटीतली घरे म्हणजे अपत्यांसाठी राखून ठेवलेल्या जागा नाहीत. प्रत्येक घर एका शक्यतेचे आहे आणि प्रत्येक अपत्याच्या वेळी ती चौकट पुन्हा पहिल्यापासून लागू होते. म्हणून दुसऱ्या अपत्याचा गट O असण्याची शक्यता पूर्वीइतकीच, म्हणजे चारात एक, आहे. मेंडेलने दोन लक्षणांच्या प्रयोगात ५५६ बिया मोजल्या, तेव्हा त्याला ३१५ गोल पिवळ्या, १०१ सुरकुतलेल्या पिवळ्या, १०८ गोल हिरव्या आणि ३२ सुरकुतलेल्या हिरव्या मिळाल्या. सोळाव्या हिश्श्याने हिशोब केला तर सुमारे ३१३, १०४, १०४ आणि ३५ यायला हव्यात. एवढ्या बिया मोजूनही आकडे नेमके जुळत नाहीत, तर दोन अपत्यांत ते जुळावेत अशी अपेक्षाच करता येत नाही. ‘गुणोत्तर’ हा शब्द ऐकला की मुलांना वाटप आठवते. म्हणून मी आता त्याच्याआधी ‘अपेक्षित’ हा शब्द न विसरता लिहिणार आहे.

वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, एरंडवणे

बाईंचे उत्तर अचूक आहे. दुसऱ्या प्रश्नाबद्दल सांगतो : समाजात एका जनुकाचे पर्याय तीन असोत किंवा तीस, एका माणसात त्यांपैकी दोनच असतात. ‘युग्म’ हा शब्द माणसातल्या जोडीबद्दल आहे, समाजातल्या पर्यायांच्या संख्येबद्दल नाही.

रक्तगटाचा विषय निघाला आहे म्हणून ‘लक्षणरूप’ या शब्दाची बाजू मांडतो. पुष्कळ जण त्याला ‘दृश्यरूप’ म्हणतात, पण रक्तगट डोळ्यांना दिसत नाही, चाचणीत कळतो. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटात तर नेहमीच्या चाचणीला व्यक्ती O गटाची वाटते, जरी तिच्या जनुकांत A किंवा B असू शकतात; कारण दुसऱ्याच एका जनुकामुळे त्यांचा पाया असलेला H हा पदार्थ तयार होत नाही. चाचणीचे उत्तर, म्हणजे लक्षणरूप, एक आणि जनुकरूप दुसरे, असे हे आपल्याच राज्यातले उदाहरण आहे.

भाषांतरकार, सदाशिव पेठ

‘युग्मक’ या शब्दाबद्दलची माझी समजूत चुकीची होती, हे मान्य करतो. तरीही माझे म्हणणे असे आहे की जाणकाराला फसवणारा शब्द विद्यार्थ्यालाही फसवणारच. टिपणात ‘युग्मका’ऐवजी ‘जननपेशी’ लिहिले तर तिच्यात आकार आणि रंग दोन्हींचे काहीतरी असणार, हे मुलाला आपोआप सुचेल; पेशी अर्धवट असू शकत नाही, हे त्याला ठाऊक असते. शिवाय ‘पनेट चौरस’ या रूपाला माझा आक्षेप आहे. RrYy × rryy या संकरात एका बाजूला चार जननपेशी आणि दुसऱ्या बाजूला ry ही एकच असते. ती आकृती चौरस होत नाही. ‘चौकट’ म्हटले की हा प्रश्न राहत नाही.

वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, एरंडवणे

‘चौकट’ मलाही पसंत आहे. ‘जननपेशी’बद्दल मात्र मी साशंक आहे, कारण पुष्कळ पुस्तकांत युग्मक तयार करणाऱ्या, अद्याप दुप्पट गुणसूत्रे असलेल्या पेशींनाही हाच शब्द वापरलेला दिसतो, आणि मग गोंधळ एका पायरीने मागे सरकतो.

टिपणात आणखी एक वाक्य असावे. चारही युग्मक सारख्याच संख्येने तयार होतात, हे चौकटीचे गृहीतक आहे आणि ते नेहमी खरे नसते. दोन जनुके एकाच गुणसूत्रावर जवळ असली की जनकाकडून एकत्र आलेली जोडी बहुधा एकत्रच पुढे जाते. स्वतः पनेट, बेटसन आणि साँडर्स यांना फुलांसाठी लावल्या जाणाऱ्या ‘स्वीट पी’ या वेलीत हे आढळले : जांभळी फुले व लांबट पराग, तसेच तांबडी फुले व गोल पराग असलेली झाडे ९ : ३ : ३ : १ च्या अपेक्षेपेक्षा बरीच जास्त आली. या वेलीला कृपया ‘गोड वाटाणा’ म्हणू नये. ती आपल्या मटारपेक्षा वेगळी जात आहे आणि तिच्या बिया खाण्याजोग्या नाहीत.

शिकवणी घेणारी शिक्षिका, धनकवडी

टिपणातले वाक्य मी असे बदलले आहे : ‘प्रत्येक जनक कोणकोणते युग्मक तयार करू शकतो ते आधी वेगळ्या ओळीत लिहावे, आणि मग तेच चौकटीच्या कडेला मांडावे.’ आज मुलांना RrYy × rryy हे उदाहरण दिले. ज्या मुलीने नऊ लिहिले होते तिने आधी ओळीत RY, Ry, rY, ry आणि खाली एकटे ry लिहिले, चारच घरांची चौकट काढली आणि अपेक्षित गुणोत्तर १ : १ : १ : १ असे उत्तर दिले. ‘जननपेशी’ लिहावे की नाही हे मात्र माझे अजून ठरलेले नाही. बारावीला शिकवणाऱ्या कोणी त्याबद्दल आपला अनुभव लिहिला तर उपयोग होईल.