अनुभव धागा: बारा महिन्यांचा लॉक-इन, एक्झिट फी आणि सोबत राहणारा माणूस

पेंगुळलेली
लोकहो, काल रात्री आमच्या घरी इंटरनेटवरून जे महाभारत झालं ते आधी सांगते, मग तुमचे अनुभव लिहा. लॉक-इनमध्ये अडकलेले, सुटलेले, भांडलेले सगळे या.

तर झालं असं की जुनं कनेक्शन आधीच्या मुलीच्या नावावर होतं, ती गेली तसं ते बंद पडलं, आता नवीन घ्यायचंय. माझ्या रूममेटने, मृणालने, दोन प्लॅन शोधून आणले. तुमच्याकडचे दर वेगळे असणार म्हणून स्वस्त प्लॅनचं महिन्याचं बिल सरळ १०० धरते. पहिला हा १०० वाला, बारा महिने लॉक-इन, बसवून द्यायचे पैसे नाहीत, राऊटर फुकट. दुसरा १२० वाला, कधीही सोडा, पण सुरुवातीला बसवायचे १०० वेगळे. स्पीड दोन्हीचा तोच.

मृणाल म्हणे यात विचार काय करायचाय, महिन्याला २० वाचतायत. मी म्हटलं अगं घराचा करार अजून आठच महिने आहे. तर म्हणे वाढवू की. म्हटलं, बाई, बदली होणार म्हणून गेल्या आठवड्यात नाचत कोण होतं? त्यावर जरा गप्प बसली आणि मग एकदम, ‘झाली बदली तर माझा हिस्सा देईन ना मी, पळून जाणारे का?’

‘हिस्सा कशाचा? महिन्याच्या बिलाचा की एक्झिट फीचा?’

‘जे काय असेल ते.’

‘जे काय म्हणजे किती?’

हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. सेल्सवाल्याने फोनवर फक्त ‘मॅडम नॉमिनल असते’ एवढं सांगितलेलं. मग म्हणते, ‘कनेक्शन तुझ्या नावावर घे, तुझी कागदपत्रं तयार आहेत’, आणि इथे माझं टाळकं सटकलं, म्हणजे स्वस्तात मस्त दोघींना आणि सही एकटीची. त्यावर ती म्हणाली की तुला प्रत्येक गोष्टीत फसवाफसवीच दिसते, आणि लॅपटॉप उचलून खोलीत गेली, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. तो डेटाही माझाच होता हे तिच्या लक्षात आलं नसावं.

तर मुद्दा: ही फी प्रत्यक्षात किती पडते, आणि कोणी द्यायची?

सदा_घाईत
एवढं काय त्यात. सोडायच्या दिवशी ऑटोपे बंद करायचा, राऊटरची वायर काढायची, विषय संपला. दोनतीनदा मेसेज येतात मग आपोआप बंद करतात. मी केलंय.

जुना_हेल्पडेस्क
सदाभाऊ, कनेक्शन आपोआप बंद होतं हे खरंय, पण हिशोब बंद होत नाही. तोपर्यंतचं बिल, एक्झिट फी आणि परत न केलेल्या राऊटरची किंमत असं सगळं एकत्र होऊन ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याच्या नावावर थकबाकी म्हणून बसतं, मग वसुलीवाले फोन करतात. तुमचा लॉक-इन बहुतेक आधीच संपलेला असेल म्हणून निभावलं.

मी बरीच वर्षं कनेक्शन बंद करायच्या डेस्कवर होतो. पेंगुळलेली ताई, ‘नॉमिनल’ ऐकलं की करारातलं ते कलम उघडून बघायचं, कारण तुमच्या भांडणाचा निकाल त्या एका ओळीवर आहे. साधारण तीन तऱ्हा बघितल्या मी. पहिली, उरलेल्या सगळ्या महिन्यांचं बिल द्या. दुसरी, उरलेल्या महिन्यांच्या बिलाचा काही भाग द्या, समजा निम्मा. तिसरी, सुरुवातीला जे फुकट दिलं त्याचा उरलेला हिस्सा परत करा, ती दर महिन्याला कमी होत जाते.

तुमचेच आकडे घ्या. आठ महिने राहिलात तर बिनलॉकच्या प्लॅनचे १२० गुणिले ८ म्हणजे ९६०, वर बसवायचे १००, एकूण १०६०. लॉक-इनवाल्याचे आठ महिन्यांचे ८००, आणि पहिल्या तऱ्हेची फी असेल तर उरलेल्या चार महिन्यांचे ४००, म्हणजे १२००, तुम्ही बरोबर. निम्मी फी असेल तर ८०० अधिक २००, हजारच होतात, मग मृणालताई बरोबर. तिसऱ्या तऱ्हेत फुकट दिलेल्याची किंमत समजा १८० लावली असेल तर चार महिन्यांचे ६० द्यायचे, ८६० मध्ये सुटलात. प्लॅन तोच, तिन्हीचं उत्तर वेगळं. पूर्ण बिलवाल्या फीत नऊ महिन्यांपर्यंत बिनलॉकवाला स्वस्त पडतो, निम्म्या फीत सातपर्यंतच.

भटकी_चप्पल
मी या फंदात पडलेली आहे म्हणून लिहिते. माझा लॉक-इन संपायला थोडेच महिने राहिले होते आणि घर बदललं. कंपनीला विचारलं तर म्हणाले काही नाही मॅडम, शिफ्टिंग करून देतो, एक्झिट फी लागणार नाही. मी खुश. नंतर कधीतरी बंद करायला फोन केला तेव्हा कळलं की नवीन पत्त्यावर नवीन करार धरलाय आणि बारा महिने त्या दिवसापासून पुन्हा सुरू! शिफ्टिंगच्या वेळी ओटीपी मागितला होता ना, तीच सही. प्लॅन वरचा घेतला तरी हेच होतं असं नंतर कोणीतरी सांगितलं.

जुना_हेल्पडेस्क
होतं, पण सगळीकडे नाही. शिफ्टिंग किंवा अपग्रेड करताना एकच प्रश्न विचारायचा, ‘माझी लॉक-इन संपायची तारीख बदलणार का’, आणि उत्तर ईमेलवर मागायचं. फोनवरचा माणूस वाईट नसतो हो, पण त्याच्या समोरच्या स्क्रीनवर ती तारीख बऱ्याचदा दिसतच नाही.

कोपऱ्यातला_राऊटर
आमच्याकडे बेडरूममध्ये रेंज येत नाही, त्यासाठी कुठला राऊटर घ्यावा? दोन अँटेनावाला की चार?

पेंगुळलेली
अहो तो धागा वेगळा :)

वायफळ
तसा अगदीच वेगळा नाहीये, कारण मी रेंजच्याच कारणाने फी न भरता सुटलो! १०० एमबीपीएस सांगितलेला, मिळायचे तीस-पस्तीस. तक्रार केली की त्यांचं ठरलेलं उत्तर, वायफाय आहे सर, भिंती असतात. आणि त्यात तथ्य आहे, करारातला स्पीड त्यांच्या डब्यापर्यंतचा असतो, तुमच्या उशीपर्यंतचा नाही. मग लॅपटॉपला थेट लॅन केबल लावून, बाकी सगळी उपकरणं बंद करून, सकाळ दुपार रात्र असे टेस्ट घेतले, स्क्रीनशॉट ठेवले. रात्री केबलवरसुद्धा चाळीसच्या वर जाईना. ते सगळे स्क्रीनशॉट तक्रार नंबरासकट ईमेल केले, टेक्निशियन येऊन गेला, सुधारलं नाही, दुसऱ्यांदा आला, तरी नाही, तेव्हा कुठे फी माफ केली. फोनवर शंभरदा ओरडलो असतो तरी काही हाललं नसतं.

सदा_घाईत
एवढा कुटाणा करण्यापेक्षा फी परवडली.

वायफळ
सात महिन्यांची राहिली होती राव.

तिसरी_घंटा
मला वाटतं इथे सगळे कंपनीशी भांडतायत, भांडण तर त्या दोघींचं आहे. आमच्याकडे तिघांत लॉक-इन प्लॅन होता, माझ्या नावावर. एक जण मध्येच निघून गेला. गंमत अशी की तेव्हा एक्झिट फी लागलीच नाही, कारण कनेक्शन चालूच होतं, फक्त त्याचा महिन्याचा वाटा आमच्या डोक्यावर आला. म्हणजे ‘मी फीचा हिस्सा देईन’ असं तो आधी कबूल झाला असता तरी फायदा शून्य! माणूस जाणं आणि कनेक्शन जाणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, त्या वेगवेगळ्या बोलून ठेवाव्या लागतात. आम्ही त्यानंतर ठरवलं की जाणाऱ्याने बदली माणूस येईपर्यंत वाटा द्यायचा, फार तर दोन महिने.

भटकी_चप्पल
दोनच का? बारा महिन्यांना हो म्हटलं ना त्याने, मग बाराच्या बारा.

तिसरी_घंटा
न वापरता बारा महिने? आणि नवीन आलेला पण पैसे देणार, मग ते कोणाच्या खिशात? शिवाय सगळ्यांना जायचं असेल तेव्हा फी सगळ्यांत समान, एवढं मला मान्य आहे.

भटकी_चप्पल
नवीन आला की थांबव, पण तोपर्यंत दे. जी मागे राहते तिने बदली माणूस शोधायचा त्रासही काढायचा आणि पैसेही भरायचे का?

जुना_हेल्पडेस्क
यात मी पडत नाही. फक्त एक, ज्याचं नाव तोच कंपनीसाठी ग्राहक, घरातल्या समजुतीशी त्यांना घेणंदेणं नाही. कनेक्शन मागे राहणाऱ्याच्या नावावर करता येतं का ते आधी विचारा, काही कंपन्या करून देतात, काही जुनं बंद करून नवीनच घ्यायला लावतात आणि मग फी आलीच.

पेंगुळलेली
अपडेट. कलम सापडलं, अटींच्या अगदी तळाशी. उरलेल्या महिन्यांच्या बिलाच्या निम्मं. मृणालला दाखवलं, तिने लगेच गणित मांडलं, हजार विरुद्ध १०६०, आणि विजयी मुद्रेने चहाचा कप माझ्यासमोर आपटला. पण त्याच्याच खालच्या ओळीत ३० दिवसांची नोटीस लिहिलीय. हेल्पडेस्ककाका, म्हणजे आठवा महिना संपताना कळवलं तर काय होतं?

जुना_हेल्पडेस्क
मग कनेक्शन नऊ महिने चाललं असं धरतील. ९०० अधिक उरलेल्या तिनाचे १५०, एकूण १०५०. तुमची बचत दहावर आली. आठवा सुरू होतानाच नोटीस गेली तरच ते हजार. आणि बारा महिने कधीपासून मोजतात तेही बघा, बुकिंगपासून नाही, बहुतेक वेळा लाईन चालू झाल्यापासून.

पेंगुळलेली
हे वाचून दाखवलं. आता तिचं म्हणणं असं की नोटीस द्यायचं लक्षात ठेवणं माझं काम कारण नाव माझं, आणि माझं म्हणणं की मग नाव तिचं लावू. तिची बदली पाचव्या महिन्यात झाली आणि मलाही घर सोडावं लागलं तर ५०० अधिक ३५० म्हणजे साडेआठशे, बिनलॉकमध्ये सातशेच, हेही मी मांडलं. त्यावर ती म्हणते मधले १५० ती एकटी देईल, लिहून देते. लिहून घेतलंय, मेसेजमध्ये. नाव कोणाचं ते अजून ठरलेलं नाही, तोपर्यंत हॉटस्पॉट माझाच चालू आहे.

कोपऱ्यातला_राऊटर
त्या फुकट राऊटरला अँटेना किती आहेत?